प्लॅनवर रेंडर ठेवून भिंतींची सरक मोजणे

> ऑटोकॅडचा प्लॅन स्टेबल डिफ्यूजनच्या कंट्रोलनेटला देऊन रंगीत टॉप व्ह्यू काढला. दिसतो छान, पण बेडरूम जरा मोठीच वाटते. भिंत किती सरकली ते मोजायचं कसं आणि जागेवर आणायची कशी?

आधी पिक्सेलला माप द्या. ९.६ बाय ७.२ मीटरचा फ्लॅट धरू. १ पिक्सेल म्हणजे १० मिमी ठेवलं तर प्लॅन ९६० × ७२० होतो. तो १०२४ × ७६८ च्या पांढऱ्या कॅनव्हासवर मधोमध ठेवा आणि इमेजही त्याच आकाराची काढा. आकार वेगळा पडला आणि टूलने इमेज ताणली, की सगळीच मापं बिघडतात आणि दोष भिंतीवर येतो.

आता गिंपमध्ये खाली रेंडर, वर प्लॅनच्या लाल रेषा, मोड `Multiply`. पहिल्यांदा फक्त बाहेरच्या भिंतींचे चार कोपरे जुळवा. ते जुळेपर्यंत आतलं काही मोजू नका.

मोजताना भिंतीची कड धरू नका, मध्यरेषा धरा. रेंडरमधल्या सावलीमुळे एक कड जाड दिसते. समजा बेडरूम-टॉयलेटमधल्या पार्टिशनची मध्यरेषा प्लॅनमध्ये डाव्या कोपऱ्यापासून ४०० वर आहे आणि रेंडरमध्ये ४०९ वर. दोन्ही टोकं जुळलेली असताना मध्येच ९ पिक्सेल फरक, म्हणजे हा स्केलचा दोष नाही, भिंतच ९० मिमी सरकली आहे. १२०० चं टॉयलेट १११० झालं. दोन-तीन पिक्सेलच्या फरकाला मात्र अर्थ नाही, तेवढा अंदाज धूसर कडेवर चुकतोच.

दुरुस्तीसाठी वॉर्प वापरू नका, शेजारचं कमोड आणि बेसिन वाकडं होतं. नुसतं इनपेंटही पुरत नाही: `Denoising strength` कमी ठेवली तर भिंत चुकीच्याच जागी राहते, जास्त ठेवली तर पुन्हा भलतीकडे जाते. म्हणून भिंतीचा पट्टा कापून हातानेच ९ पिक्सेल सरकवा, रिकामी जागा फरशीच्या रंगाने भरा आणि मग दोन्ही जागा झाकेल असा मास्क टाकून ०.३५ ते ०.४ वर इनपेंट करा. कंट्रोलनेटला मूळ प्लॅनच द्या आणि `Ending Control Step` १ ठेवा. सरक बऱ्याचदा इथूनच येते: कंट्रोल लवकर सुटला की शेवटच्या स्टेप्समध्ये मॉडेल कडा आपल्या मनाने बसवतं.

बारीक गोष्टींना आणखी एक मर्यादा आहे. स्टेबल डिफ्यूजन ८ × ८ पिक्सेलचा एक ठिपका धरून काम करतं. ११५ मिमीची भिंत या स्केलला जेमतेम दीड ठिपका भरते, खिडकीच्या रेषा तर विरघळूनच जातात. असं झालं तर इमेज दुप्पट आकाराची काढा.

आणि दार उलट्या बाजूला उघडतंय का, हे मापातून कळत नाही. लाल रेषांवर प्रत्येक दाराचा कंस डोळ्यांनी तपासावाच लागतो. हे सगळं सरळ वरून पाहिलेल्या व्ह्यूसाठी. पर्स्पेक्टिव्ह असेल तर फरशीच्या पातळीवरच प्लॅन जुळवता येतो, भिंतींचे माथे जुळणार नाहीत आणि तो दोष धरायचा नाही.