ज्वेलरची ११ हप्ते भरा, १२वा आम्ही भरतो ही स्कीम घ्यावी का? खरा परतावा किती टक्के पडतो?

कागदावर साधारण १८ टक्के. ९ नाही.

हे ठासून सांगते कारण आमच्या भावजींनी सगळ्यांसमोर मला सुनावलं होतं, वहिनी, ५ हजारांचे ११ हप्ते म्हणजे ५५ हजार, त्यावर ५ हजार म्हणजे ९ टक्के, यात काय विशेष. अहो पण ५५ हजार पहिल्या दिवशी कुठे देतो आपण? पहिला हप्ता त्याच्याकडे ११ महिने राहतो, शेवटचा एकच महिना, म्हणजे सरासरी ६ महिने. ६ महिन्यांत ९ टक्के म्हणजे वर्षाला १८.

मग मी हट्टाने दरमहा ५ हजार भरले, एकही हप्ता चुकवला नाही, आणि १२व्या महिन्यात ६० हजारांच्या बांगड्या घ्यायला गेले. तिथे कळलं की स्कीमवर नाणं मिळत नाही, दागिनाच घ्यायचा, आणि मला आवडलेल्या बांगड्यांची मजुरी १८ टक्के. तशाच बांगड्या दुसरीकडे १० टक्के मजुरीत मिळत होत्या, पण पैसे इथे अडकलेले. घेतल्या.

घरी येऊन बिल उलटं सोडवलं. ६० हजारातून ३ टक्के जीएसटी आणि मजुरी काढली तर सोनं उरलं ४९,३६६ रुपयांचं. तेवढंच सोनं १० टक्के मजुरीने जीएसटीसकट ५५,९३२ ला पडलं असतं. मी भरलेले ५५ हजार. म्हणजे ५ हजारांच्या बोनसमधले माझ्या हातात ९३२ आले, वर्षाचा दर साडेतीन टक्क्यांच्या आत. बँकेच्या आरडीत ७ टक्के धरले तर याच हप्त्यांवर १,९०० च्या आसपास व्याज झालं असतं. मजुरी १४ टक्के असती तर २,९०० सुटले असते, साडेदहा टक्के, तेव्हा स्कीम जिंकली असती.

म्हणून पहिला हप्ता भरायच्या आधी विचारा, स्कीमच्या दागिन्यावर मजुरी किती लावणार, आणि ते कार्डावर लिहून घ्या. "तेव्हा बघू" म्हणाला तर उठा. दागिना घ्यायचाच नसेल तर या भानगडीत पडूच नका.

आणि हो, हप्ता उशिरा भरला तर बऱ्याच ठिकाणी बोनस कापतात. भाव वाढला तर रुपयांच्या स्कीममध्ये शेवटच्या दिवशीच्या भावानेच सोनं मिळतं, दर महिन्याला ग्रॅम जमा करणारी स्कीम वेगळी, ती कुठली ते विचारून घ्या. दुकान बुडालं तर बँकेतल्या ठेवीसारखा ५ लाखांचा विमा इथे नाही, त्यामुळे मोठी रक्कम अडकवू नका.

भावजी अजून म्हणतात, बघा मी सांगितलं होतं. नाही सांगितलं. ते ९ म्हणाले होते, मजुरीचा म त्यांच्या तोंडून निघाला नव्हता.