‘मर्दांनो’ काढलं की पोस्ट मिळमिळीत होते का?

प्रश्न: आमच्या ढोल-ताशा पथकाच्या सरावाची पोस्ट अशी होती, ‘मर्दांनो, हातात बांगड्या भरल्या नसतील तर रविवारी सहाला या! ढोल कमरेला बांधणं येरागबाळ्याचं काम नाही, ज्याच्या मनगटात दम असेल त्यानेच यावं. मुलींसाठी झांज आणि ध्वज आहेच.’ एका ढोलवादक मुलीला ते खटकलं. मग ‘सर्वांनी सरावास उपस्थित राहावे’ केलं तर सोसायटीची नोटीस वाटायला लागली. जोर ठेवून कसं लिहू?

उत्तर: तुमची दुसरी पोस्ट ‘सर्वांनी’मुळे नाही पडली, ‘उपस्थित राहावे’मुळे पडली. पहिल्या पोस्टीत जोर कुठून येतोय ते बघा, आधी हाक आहे, मग डिवचणं आहे, मग ‘या!’ हे आज्ञार्थी क्रियापद आहे. दुसरी लिहिताना हे तिन्ही गेलं आणि कार्यालयीन भाषा आली. त्यामुळे नुसता टोचणारा शब्द काढायचा, हाक आणि आज्ञार्थ तसेच ठेवायचे.

‘मर्द’ शब्द फारसीतून आलाय, त्याचे आपल्याकडे पुरुष आणि शूर असे दोन्ही अर्थ चालतात आणि अडचण तीच, शूर म्हणायला गेलं की पुरुष सोबत येतोच. जोडीला ‘मर्दानींनो’ लावलं तरी शौर्य पुरुषाचंच राहतं. ‘पोरांनो’ चालेल असं वाटतं कारण ‘पोरं’ नपुंसकलिंगी आहे, पण बोलताना आपण ‘पोरं-पोरी’ म्हणतो ना, म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोक्यात पोरं म्हणजे मुलगेच. मला ‘वादकांनो!’ सगळ्यात बरं वाटतं, ओरडायलाही ‘मर्दांनो’सारखंच दणदणीत आहे आणि नवीन आलेल्याला पहिल्याच शब्दात पथकात घेतं.

आता बांगड्या. या वाक्प्रचारात म्हणायचं असतं की भित्र्यासारखे हातावर हात ठेवून बसू नका, पण त्यासाठी बाईचा हात म्हणजे निकामी हात हे आधी मान्य करावं लागतं, आणि तुमच्याच पथकात बांगड्या घालणारा हात ढोल वाजवतोय! डिवचणं ठेवायचंय तर ते न करण्यावर ठेवा, कोणाच्या असण्यावर नको. ‘हाताची घडी घालून बसणार की टिपरू उचलणार?’ यात हात राहिला, टोमणा राहिला, आणि ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ बालवाडीत सगळ्यांनीच ऐकलेलं असल्यामुळे ते सगळ्यांना सारखंच लागतं.

‘मनगटात दम’ आणि ‘येरागबाळा’ मात्र अजिबात काढू नका, मनगट सगळ्यांना असतं. तिथे फक्त व्याकरण नडतंय. ‘ज्याच्या’ म्हटलं की मुलगा डोळ्यासमोर येतो, मुलगी असेल तर ‘जिच्या’ लागतं, पण अनेकवचनात ‘ज्यांच्या’, ‘त्यांनी’ सगळ्यांना एकच. मराठीत ही सोय बऱ्याच ठिकाणी आहे, ‘आलास का’ आणि ‘आलीस का’ वेगळं, पण ‘आलात का’ दोघांना चालतं, ‘येतो-येते’ वेगळं पण ‘येतात’ एकच. म्हणून ‘येणारा/री’ असल्या तिरक्या रेघा मारत बसायची गरज नाही, त्या मोठ्याने वाचताच येत नाहीत. वाक्य अनेकवचनात न्यायचं. सगळीकडे जमत नाही हेही खरं, ‘आले’ आणि ‘आल्या’ अनेकवचनातही वेगळेच राहतात, तिथे वाक्य फिरवून ‘तुम्ही’वर आणावं लागतं.

झांज आणि ध्वजाच्या ओळीला शब्द बदलून उपयोग नाही कारण तिथे अर्थच चुकीचा आहे. ‘मुलीही ढोल वाजवू शकतात’ असं केलंत तर त्या ‘ही’ने मुली पुन्हा अपवाद झाल्या, जो हे वाचेल त्याला कळतं की मुळात ढोल मुलांचा. ढोल जड आहे, मिरवणुकीत तो तासन्‌तास कमरेला राहतो हे सांगायचंय ना, मग तेच सांगा, तुमच्या ढोलाचं वजन किलोत लिहा, ज्याचं त्याला ठरवता येईल. (बघा, मीही ‘ज्याचं त्याला’ लिहिलं, जीभ तिकडेच वळते. ज्यांचं त्यांना.)

मी असं लिहीन:

‘वादकांनो, हाताची घडी घालून बसणार की टिपरू उचलणार? रविवारी सहाला या! ढोल कमरेला बांधणं येरागबाळ्याचं काम नाही, ज्यांच्या मनगटात दम असेल त्यांनी यावंच. ढोल, ताशा, झांज, ध्वज, जे झेपेल ते घ्या, शिकवायला आम्ही आहोत!’

टाकायच्या आधी त्या मुलीलाच मोठ्याने वाचायला सांगा. वाचताना ती कुठे अडखळली किंवा तिचा आवाज खाली आला तर तो शब्द अजून बदलायचा राहिलाय.