बढती नाकारली गेल्यानंतर साहेबांना लिहायचा मेल

प्रश्न: बेळगावातल्या एका कारखान्यात मी सहा वर्षे काम करतो. यंदाची बढती माझ्याऐवजी माझ्यानंतर रुजू झालेल्या सहकाऱ्याला मिळाली. तक्रारीचा सूर न लावता, पुढे काय करावे हे विचारणारा मेल साहेबांना कसा लिहू?

उत्तर: उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी गुणवत्ता विभागात वरिष्ठ अभियंता असताना माझ्यावर हीच वेळ आली होती. सहायक व्यवस्थापकाच्या जागेसाठी दुसऱ्याची निवड झाल्याचे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात समजले आणि त्याच रात्री मी दीड पानी मेल लिहून काढला. कास्टिंगचे रिजेक्शन माझ्या देखरेखीखाली कसे कमी झाले, रात्रपाळीत मी किती वेळा धावून आलो, असे सगळे त्यात होते. त्यातली एकही गोष्ट खोटी नव्हती, तरी तो मेल मी पाठवला नाही. वाचणाऱ्याला त्याचे उत्तर फक्त एकाच प्रकारे देता आले असते, ते म्हणजे झालेल्या निर्णयाचे समर्थन करून. आणि एकदा साहेबांनी लेखी समर्थन केले की पुढच्या वर्षी त्यांना स्वतःच्याच शब्दांविरुद्ध जावे लागते.

तिसऱ्या दिवशी मी पुढील मेल पाठवला. आमचे साहेब मराठी असल्याने तो मराठीतच होता.

"आदरणीय सर, सहायक व्यवस्थापक पदाचा निर्णय मला समजला. मला ती जागा मिळेल अशी अपेक्षा होती, त्यामुळे वाईट वाटले, हे मोकळेपणाने सांगतो. निवड झालेल्या सहकाऱ्याला माझे पूर्ण सहकार्य राहील. या पदासाठी माझ्या कामात नेमके काय कमी पडले आणि पुढील आढाव्यापूर्वी मी कोणती जबाबदारी पार पाडून दाखवावी, हे आपल्याकडून समजून घ्यायचे आहे. या आठवड्यात आपल्या सोयीने अर्धा तास मिळाल्यास मी भेटायला येईन."

वाईट वाटल्याचे त्यात एकदाच आणि साध्या शब्दांत आहे, कारण ते अजिबात न लिहिल्यास बढतीची आपल्याला फारशी आस नाही असा समज होऊ शकतो. सहकाऱ्याशी तुलना कुठेही नाही. "मला का डावलले" असे न विचारता काय कमी पडले आणि काय करून दाखवू असे विचारल्यामुळे साहेबांना निर्णयाचा बचाव करावा लागला नाही, त्यांना थेट कामाबद्दल बोलता आले. हा मेल फक्त साहेबांनाच पाठवा. मनुष्यबळ विभागाला त्याची प्रत जोडली की त्याच मजकुराची तक्रार होते. व्हॉट्सॲपवरही पाठवू नका, तिथे "ठीक आहे, बघू" एवढ्यावर विषय मिटतो.

भेटीत साहेब आधी "तुमचे काम चांगलेच आहे, चालू ठेवा" असे म्हणाले. अशा उत्तरावर समाधान मानून उठू नये. मी विचारले, "सर, त्या खुर्चीवर बसणाऱ्याला रोज करावे लागते आणि मी अजून केलेले नाही, असे कोणते काम आहे?" तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. ग्राहकाच्या तक्रारींचे मूळ कारण आणि उपाय मांडणारे एट-डी अहवाल मी तयार करत असे, पण ग्राहकासमोर ते नेहमी साहेबच मांडत, त्यामुळे मूळ कारणावर ग्राहकाने उलटतपासणी केली तर मी टिकेन की नाही हे कोणी पाहिलेच नव्हते. दुसरी गोष्ट म्हणजे कारखाने विभाग आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून येणारी कन्नड पत्रे मला वाचता येत नव्हती. बोलण्यापुरते कन्नड मला येत होते, पण त्या पदावर तेवढे पुरत नाही. आपल्या सीमाभागात भाषेचा विषय निघाला की मन लगेच दुखावते, हे मी जाणतो. तरीही मला हे कारण खरे वाटले, कारण तसे पत्र आले की मी दुसऱ्याचे टेबल गाठत असे.

त्याच संध्याकाळी मी चार ओळींचा दुसरा मेल लिहिला: जुलैपर्यंत दोन तक्रारींचे अहवाल मी स्वतः ग्राहकापुढे मांडेन, सरकारी पत्रांचा पहिला मसुदा मी करेन आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपण पुन्हा बसू, माझ्या समजुतीत काही चुकले असल्यास कृपया दुरुस्त करावे. पदाचे आश्वासन मी मागितले नाही, कारण जागा मंजूर करणे साहेबांच्या एकट्याच्या हातात नव्हते. तारखा मात्र त्यांच्या हातात होत्या आणि त्यांनी "मान्य" असे उत्तर दिले. पुढच्या एप्रिलला आमच्या विभागात जागाच निघाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी निघाली आणि ती मला मिळाली.

तुमच्या बाबतीत दुसऱ्या मेलला उत्तर आले नाही, तर आठवड्याने एकदा आठवण करा. तरीही ते तारीख टाळत राहिले, तर तुमच्या वरची जागा येत्या दोन वर्षांत निघणार आहे का, हे समोर बसून सरळ विचारा आणि दुसरीकडे अर्ज करायचा की नाही ते त्या उत्तरावरून ठरवा. मेलमध्ये मात्र राजीनाम्याचा उल्लेख येऊ देऊ नका.