ओळख मागताना आधी पुढे पाठवायचा मजकूर लिहा

प्रश्न: भोसरीत प्रेस शॉपमध्ये ४ वर्षं क्वालिटीत आहे. कॉलेजचे एक सीनिअर चाकणच्या एका सप्लायर क्वालिटी मॅनेजरना ओळखतात. ओळख करून द्या म्हणून सीनिअरना कसं विचारू?

उत्तर: आधी एवढंच विचारा: "दादा, त्यांच्याशी तुमची कितपत ओळख आहे? माझ्याबद्दल विचारलेलं चालेल का? अवघड वाटत असेल तर नको, मोकळेपणाने सांगा." लिंक्डइनवर जोडलेले असणं म्हणजे ओळख नव्हे. आणि नंबर मागू नका. दादांनी आधी त्यांना विचारावं, ते हो म्हणाले तरच तुम्हाला जोडून द्यावं.

दादा हो म्हणाले की मजकूर वेगळ्या मेसेजमध्ये पाठवा. "कसे आहात, वहिनी कशा आहेत" त्यात नको, नाहीतर काटछाट करायचं काम दादांवर पडतं आणि मेसेज तसाच पडून राहतो. ईमेल असेल तर नवा पाठवा. जुन्याच मेलला उत्तर दिलंत, तर खालच्या गप्पाही पुढे जातात. मजकूर साधारण असा:

"मी मेकॅनिकल इंजिनीअर, भोसरीत प्रेस शॉपमध्ये ४ वर्षं क्वालिटीत. पीपॅपची कागदपत्रं आणि कस्टमर ऑडिट मी सांभाळतो. एका ब्रॅकेटचं रिजेक्शन ३ टक्क्यांवरून १ टक्क्याखाली आणलं. आता सप्लायर क्वालिटीत जायचं आहे. प्रेस शॉपमधून येणाऱ्याला तिथे काय नव्याने शिकावं लागतं, हे विचारायला फोनवर १५ मिनिटं मिळतील का? मंगळवार ते गुरुवार, संध्याकाळी ६ नंतर कधीही."

खाली पूर्ण नाव, मोबाइल नंबर आणि प्रोफाइलची लिंक. आकडा तुमचा खरा असेल तो घाला, पण एक तरी घालाच. "मेहनती आहे" यावरून मॅनेजरला काहीच कळत नाही. "कुठेही चालेल" तर लिहूच नका. कुठे म्हणजे कुठे, हे ठरवायचं काम मग त्यांच्यावर येतं. सीव्ही त्यांनी मागितल्यावर द्या.

"ओळखीत कसलं लिहून द्यायचं, एक फोन टाकला की काम होतं," असं म्हणणारे वडीलधारे घरोघरी असतात. मला ते साफ चूक वाटतं. शॉप फ्लोअरवर उभ्या माणसाला फोनवर एवढंच ऐकू जातं की कुणीतरी मुलगा आहे, बघा जरा. संध्याकाळपर्यंत नावही लक्षात राहत नाही. लिहिलेला मजकूर मात्र त्यांना तिथूनच पुढे एचआरला पाठवता येतो. शिवाय फोनवरचा शब्द म्हणजे शिफारस. दादांनी तुमचं काम पाहिलेलं नाही, मग त्यांनी हमी का घ्यावी? ओळख करून देणं त्यांना सोपं आहे, तेवढंच मागा.

ओळख झाली की त्याच दिवशी उत्तर द्या आणि बोलणं झाल्यावर काय झालं ते दादांना दोन ओळींत कळवा. एकाच मॅनेजरसाठी दोघांना गळ घालू नका.

एक मात्र तपासा. चाकणची ती कंपनी तुमच्याच प्रेस शॉपची कस्टमर असू शकते. तसं असेल तर त्या मॅनेजरचं तुमच्या साहेबांशी नेहमीचं बोलणं असणार. मग कंपनीचं आणि पार्टचं नाव मजकुरात नकोच, आणि पाठवण्याआधी दादांनाही ही गोष्ट सांगा.