नव्या लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई ड्राइव्ह दिसत नाही

प्रश्न: नवीन लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई बसवली, पण विंडोज टाकताना ड्राइव्हच दिसत नाही. ड्राइव्ह खराब असेल का?

उत्तर: बहुतेक वेळा नसते. आधी बायोसमध्ये जाऊन ड्राइव्हचं नाव दिसतं का ते बघा.

दिसत असेल, तर घोटाळा मोडचा आहे. इंटेलच्या ११व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी हा ड्राइव्ह हाताळण्याचा मोड चालू असतो आणि विंडोजच्या इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर बऱ्याचदा नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल आरएसटीचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उलगडून ठेवा आणि इन्स्टॉलरमध्ये `Load driver` दाबून तो फोल्डर दाखवा. ड्राइव्ह लगेच यादीत येते. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही काम होतं, पण विंडोज आधीच टाकलेली असेल तर तसं अचानक करू नका, `INACCESSIBLE_BOOT_DEVICE` येऊन मशीन सुरूच होणार नाही.

बायोसमध्येही नसेल, तर ड्राइव्ह काढून नीट बसवा आणि मग स्लॉट तपासा. एनव्हीएमईला सहसा एकच खाच असते, कडेच्या ५ पिनांनंतर. ती एम की. दोन खाचांची ड्राइव्ह बहुधा साटा, म्हणजे जुन्या प्रकारच्या जोडणीची निघते. फसवणारी गोष्ट अशी, की काही स्लॉटमध्ये ड्राइव्ह घट्ट बसते, पण आतली जोडणी फक्त साटाची असते. ते मॅन्युअलमध्येच कळतं, खाचेवरून नाही.