चार खोल्या, चार कमोड आणि सहासष्ट हजार रुपये

प्रश्न : गुहागरजवळ आमचे चार खोल्यांचे होमस्टे आहे. जुने कमोड दर वेळी दहा लिटर पाणी घेतात. खालच्या दोन शौचालयांची भिंत एकच असल्यामुळे पाहुणे रात्री आवाजाची तक्रार करतात. वरच्या दोन्ही कमोडचे आउटलेट भिंतीतून बाहेर जाते. एप्रिल-मे मध्ये ५,००० लिटरचा टँकर १,५०० रुपयांना घ्यावा लागतो. दुकानदार म्हणतो की सायफॉनिक कमोड बसवा, आवाजही नाही आणि पाणीही वाचेल. बसवण्यासकट त्याचे १६,५०० रुपये, तर साध्या ३/६ लिटरच्या वॉशडाउनचे ८,०००. ऑक्टोबरअखेर मुदत संपणारी ७०,००० रुपयांची ठेव आत्ताच मोडून चारही सायफॉनिक घ्यावेत का?

उत्तर : नमस्कार. चारही घेऊ नयेत आणि ठेवही मोडू नये, असे माझे मत आहे. दुकानदाराने शांतता आणि पाण्याची बचत एकाच किमतीत बांधून दिली आहे, पण या दोन गोष्टींची कारणे वेगळी आहेत. ती समजली की कुठे पैसे घालायचे हे आपोआप ठरते.

वॉशडाउन कमोडमध्ये टाकीतील पाणी वरून जोराने पडते आणि मैल्याला रुंद, आखूड ट्रॅपमधून, म्हणजे भांड्याखालच्या वळणदार वाटेतून, पलीकडे ढकलते. सगळे काम पडणाऱ्या पाण्याच्या धक्क्याने होते, म्हणून आवाजही होतो. सायफॉनिक कमोडमध्ये ट्रॅपची वाट लांब आणि अरुंद असते. ती आधी वर चढते, मग वळसा घेऊन जमिनीतील आउटलेटकडे उतरते. फ्लशचे पाणी पुरेशा वेगाने आले की ही उतरती बाजू पाण्याने पूर्ण भरते व आतली हवा बाहेर ढकलली जाते. त्यानंतर खाली उतरणाऱ्या पाण्याच्या वजनामुळे मागे दाब कमी होतो आणि भांड्यातील पाण्यावरचा हवेचा दाब ते पाणी मैल्यासकट वळशापलीकडे लोटतो. होडीसाठी पिंपातून नळीने डिझेल काढताना एकदा नळी भरली की पुढचे आपोआप वाहते, तसेच हे आहे. भांडे जवळजवळ रिकामे झाले की वळशात हवा शिरते, घळकन आवाज होतो आणि ओढ थांबते. त्यानंतर टाकी भरत असतानाच एका बारीक नळीतून थोडे पाणी भांड्यात येते आणि दुर्गंध अडवणारे पाण्याचे सील पुन्हा तयार होते.

मैला ढकलण्यापेक्षा ओढला जात असल्यामुळे पाणी आदळत नाही, आणि भांड्यातील पाण्याचा पृष्ठभागही मोठा असतो. शांततेचे कारण एवढेच आहे. कमी पाण्याचे कारण मात्र निराळे आहे. सायफन सुरू होण्यासाठी एकूण पाणी किती यापेक्षा ते किती वेगाने आले हे महत्त्वाचे असते. टाकीचा तळाचा व्हॉल्व्ह रुंद असेल, ट्रॅपला आतून गुळगुळीत ग्लेझ असेल आणि तळाशी ट्रॅपच्या तोंडाकडे रोखलेले जेटचे छिद्र असेल, तर सहा लिटरमध्येही वाट चटकन भरते. तेच सहा लिटर संथपणे आले तर पाणी वळशावरून नुसते ओघळून जाते आणि मैला तसाच राहतो. म्हणूनच अनेक सायफॉनिक कमोडमध्ये तीन लिटरच्या अर्ध्या फ्लशने सायफन लागत नाही. लघवी पातळ होते, पण कागद तरंगत राहतो आणि पाहुणा पुन्हा पूर्ण फ्लशचे बटण दाबतो.

आता हिशेब पाहू. एका माणसाचे दिवसाला पाच फ्लश, त्यांपैकी एक पूर्ण, असे धरतो. चारही खोल्या भरलेल्या असताना आठ माणसांना आज ४०० लिटर लागतात. वॉशडाउनला १४४ लिटर लागतील. सायफॉनिकमध्ये प्रत्येक वेळी पूर्ण फ्लशच वापरावा लागला, तर २४० लिटर. म्हणजे बचत अनुक्रमे २५६ आणि १६० लिटर. टँकरचे पाणी आपल्याला लिटरमागे ३० पैशांना पडते. दोन महिने सरासरी निम्म्या खोल्या भरल्या, तर ते भरलेल्या घराचे ३० दिवस झाले. त्या हिशेबाने वॉशडाउनमुळे वर्षाला सुमारे २,३०० रुपये वाचतील, सायफॉनिकमुळे १,४४०. उरलेले वर्ष विहिरीचे पाणी आहे, तिथे पंपाच्या विजेत पडणारा फरक किरकोळ आहे. चार वॉशडाउनचे ३२,००० रुपये केवळ पाण्यातून वसूल व्हायला सुमारे चौदा वर्षे लागतील आणि सायफॉनिकच्या ६६,००० रुपयांना पंचेचाळीसहून अधिक. अर्धा फ्लश उत्तम चालला असे मानले, तरी अठ्ठावीस वर्षांच्या खाली हा आकडा येत नाही. त्यामुळे पाणी हे या खरेदीचे कारण होऊ शकत नाही.

वरच्या खोल्यांचा प्रश्न तर दरांच्या आधीच सुटतो. सायफॉनिक कमोड बहुधा जमिनीतील आउटलेटसाठीच असतात. भिंतीतून गेलेली जुनी वाट बंद करून स्लॅब फोडणे, नवा पाइप टाकणे आणि वॉटरप्रूफिंग पुन्हा करणे हा खर्च १६,५०० मध्ये धरलेला नसणार. वर हा विषय मी बंदच करेन.

राहिल्या खालच्या दोन खोल्या. तिथे पैसे घालण्यापूर्वी आवाज नेमका कशाचा आहे हे तपासा. रात्री टाकीखालचा अँगल कॉक बंद करून फ्लश करा आणि शेजारच्या खोलीत कोणाला तरी ऐकायला बसवा. कॉक बंद असताना जो आवाज येतो तो कमोडचा. कॉक उघडल्यावर पुढे मिनिटभर जी सूं सूं चालते ती टाकी भरणाऱ्या व्हॉल्व्हची असते, आणि तो व्हॉल्व्ह काही शे रुपयांत बदलतो. माझ्या मते पाहुण्यांची निम्मी तक्रार बहुधा तिथेच मिटेल. वरच्या मजल्याचा पाइप खालच्या भिंतीलगत उतरत असेल, तर त्यातून कोसळणाऱ्या पाण्याचा आवाज कोणत्याही कमोडने कमी होणार नाही, हेही ऐकताना लक्षात घ्या.

कमोडचाच आवाज असेल, तर या दोन खोल्यांत सायफॉनिकचा विचार योग्य आहे. खर्च ३३,००० रुपये, त्यांपैकी वॉशडाउनपेक्षा जास्तीचे १७,००० रुपये ही निव्वळ शांततेची किंमत. ती देणे मला गैर वाटत नाही, कारण तक्रारीमुळे भरलेल्या खोलीचे चार-पाच दिवस गेले तरी तेवढे नुकसान होत असेल. तो आकडा आपल्या नोंदवहीतून आपणच काढू शकाल. मात्र त्याआधी पावसात एक चाचणी करा. शोषखड्डा भरून आला की पाइपमधील हवेला पुढे जायला वाट राहत नाही आणि सायफन लागत नाही. आषाढ-श्रावणात सलग पाऊस असताना आजच्या कमोडमध्ये एक बादली पाणी एकदम ओता. पाणी वर चढून सावकाश उतरले, तर दोष खड्ड्यात किंवा हवा बाहेर सोडणाऱ्या व्हेंट पाइपमध्ये आहे. तो दूर होईपर्यंत नवा कमोड घेऊ नका. सायफॉनिकची वाट साधारण दोन इंचांची, म्हणजे वॉशडाउनपेक्षा बरीच अरुंद असते. ओला वाइप किंवा सॅनिटरी पॅड टाकले गेले तर ती लवकर तुंबते, म्हणून झाकणाची कचरापेटी हवीच. जांभ्यातल्या विहिरीचे पाणी तांबूस असेल, तर जेटच्या छिद्रात लोहाचा थर बसून फ्लश हळूहळू मंदावतो. ते छिद्र अधूनमधून साफ करावे लागेल.

ठेव मोडू नका. पावसाळ्यात पाहुणे कमी असतात, तेव्हा व्हॉल्व्ह बदलून चाचण्या पूर्ण करा आणि ऑक्टोबरअखेर ठेव हातात आल्यावर त्यातील ३३,००० पर्यंतच वापरा. दुकानात मांडलेल्या कमोडला पाणी जोडून, कागदाचे चार तुकडे टाकून अर्धा फ्लश करून दाखवायला सांगा. शेवटी घळकन आवाज आला आणि कागद गेला, तरच आगाऊ रक्कम द्या.