प्रबंधातून तीन चित्रं कशी निवडली: यावल-रावेरच्या विहिरींचा अनुभव

प्रश्न: माझा पीएच.डी.चा प्रबंध भूजलावर आहे, २१० पानांचा. सामान्य प्रेक्षकांसाठी त्याचा तीन मिनिटांचा अ‍ॅनिमेटेड व्हिडिओ करायचाय आणि त्यात तीनच चित्रकल्पना वापरायच्या आहेत. त्या निवडायच्या कशा?

उत्तर: माझा प्रबंधही भूजलावरच होता, जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेर पट्ट्याचा. व्हिडिओ करायला घेतला तेव्हा आधी प्रबंध बाजूला ठेवला आणि काय सापडलं ते एका दमात लिहिलं: सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा थर, म्हणजे बझाडा, आहे, पावसाचं पाणी तिथून जमिनीत शिरतं आणि हळूहळू तापीकडे सरकतं; पण केळीबागांसाठी आपण ते शिरण्यापेक्षा वेगाने उपसतो, म्हणून विहिरी उतरतात. यात तीन प्रश्न दडलेत. पाणी शिरतं कुठे? तिथेच का? मग विहिरीतलं पाणी का उतरतं? प्रत्येक प्रश्नाला एक चित्र. या वाक्यात न बसलेलं सगळं, म्हणजे संदर्भ-आढावा, सांख्यिकी आणि पाण्याच्या रासायनिक तपासण्यांचं अख्खं प्रकरण, मी सोडलं. ते प्रकरण सोडताना जीवावर आलं होतं.

पहिलं चित्र जमिनीच्या उभ्या छेदाचं: डावीकडे सातपुडा, उजवीकडे तापी. इथे प्रमाणाची अडचण येते. २० किलोमीटर रुंदी १९२० पिक्सेलच्या पडद्यावर बसवली की २०० मीटर खोलीचा गाळ जेमतेम १९ पिक्सेलचा होतो, काहीच दिसत नाही. म्हणून उभं माप २० पट वाढवलं. पण मग पायथ्याचा सौम्य उतार कड्यासारखा दिसायला लागला आणि पाणी धबधब्यासारखं कोसळेल असं वाटायला लागलं. उपाय साधा होता: सुरुवातीला दोन सेकंद खरं, चपटं चित्र दाखवलं आणि ते रबरासारखं ताणताना निवेदनात सांगितलं, "दिसावं म्हणून खोली ताणली आहे."

या छेदात मी भूजल निळ्या पट्ट्याने रंगवलं होतं. सावद्याच्या एका केळी उत्पादक काकांना दाखवलं तर ते म्हणाले, "म्हणजे खालून नदी वाहते ना?" हा गैरसमज आधीपासूनच खोलवर असतो, आणि माझ्या पट्ट्याने तो पक्का केला. दुसरं चित्र त्यातूनच सुचलं. छेदातल्या एका जागी भिंग नेलं आणि आत दोन पेले दाखवले, एकात गोटे-वाळू, दुसऱ्यात चिकणमाती. वरून पाणी ओतलं, कणांमधल्या फटी भरल्या. इथे नेमकं काय दाखवायचं ते जपून ठरवा. चिकणमातीत पाणी कमी मावतं असं दाखवलं तर ते चूक ठरेल. तिच्यात गोट्यांपेक्षाही जास्त मावू शकतं, पण फटी इतक्या बारीक असतात की ती ते सोडत नाही. म्हणून पेल्यांच्या तळाला भोक पाडलं. एकातून धार लागली, दुसऱ्यातून थेंबही धड पडेना. प्रेक्षकाला बझाड्याचं महत्त्व इथे कळतं, शब्दाने नाही.

तिसऱ्या चित्रासाठी मी प्रबंधातला आलेखच हलवायला घेतला आणि तो पार फसला. आलेखात पाण्याची खोली जमिनीपासून मोजून वरच्या दिशेने मांडली होती, त्यामुळे रेष वर चढताना पाहून लोकांना पाणी वाढतंय असं वाटलं. मग आलेख काढून टाकला आणि पहिल्या छेदातलीच एक विहीर घेतली. तिच्यात दोर आणि पोहरा. ऑक्टोबरात पाणी वर येतं, मे महिन्यात खाली जातं, एक वर्ष तीन सेकंदांत. पंधरा वर्षं पंचेचाळीस सेकंदांत सरतात. चांगल्या पावसात पाणी चढतं तेही दाखवलं, कारण ते झाकलं तर गावातला कोणीही विश्वास ठेवणार नाही. प्रत्येक मेमध्ये पाणी पोचलं तिथे भिंतीवर एक खूण राहते. त्या खुणांची उतरंड पाहिल्यावर पाणी उतरतंय हे कुणालाही सांगावं लागलं नाही.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी निवेदन लिहा. माझ्या वेगाने मिनिटाला ११० शब्द होतात, म्हणजे तीनशेच्या आसपास शब्दांत सगळं बसवायचं. ते मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करा, त्यावर कच्ची स्थिर चित्रं लावा, आणि हलती चित्रं शेवटी करा. मी उलट केलं आणि तीन आठवड्यांचं काम फेकावं लागलं.

कच्चा व्हिडिओ आवाज बंद करून तुमच्या विषयाबाहेरच्या चार-पाच जणांना दाखवा आणि "काय पाहिलं?" एवढंच विचारा. "समजलं का?" विचारलंत तर सगळे हो म्हणतील. आणि एक गोष्ट नक्की करा: जिथे तुम्ही विहीर प्रत्यक्ष मोजली तिथे ठिपका आणि ठळक रेष काढा, दोन विहिरींमधला भाग अंदाजाचा आहे तिथे तुटक रेष. माझ्या व्हिडिओत ती तुटक रेष पाहून एका आजोबांनी विचारलं, "इथं माझी विहीर आहे, ती का नाही मोजली?" पुढच्या मे महिन्यात ती मोजली.